७२ सेकंदांची सवय: शिष्यवृत्तीनंतर ऑलिंपियाडला बसलेल्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी ठाण्यात घरीच गणिताचे छोटे गट घेते. एका वेळी चार-पाच मुलं, त्याहून जास्त नाहीत. ही हकिकत त्यांतल्या एका मुलीची आहे. तिला इथे मृण्मयी म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती खारेगावात राहते. शाळा मराठी, पण आठवीपासून गणित आणि विज्ञान सेमी-इंग्रजीतून. वडील रबाळ्याच्या एमआयडीसीत पाळ्यांमध्ये काम करतात, आई घरी शिवणकाम करते.

पाचवीच्या शिष्यवृत्तीत ती गुणवत्ता यादीत होती. आठवीचा शिष्यवृत्तीचा पेपरही तिला चांगला गेला होता. त्यानंतर मार्चमध्ये आई तिला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, शाळेतले सर म्हणतात हिला ऑलिंपियाडला बसवा. आम्हाला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही बघा."

सरांच्या मनात होती ती आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिंपियाडची देशपातळीवरची पहिली पायरी. ती सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी होते. ३० प्रश्न, तीन तास, १०० गुण. दहा प्रश्न दोन गुणांचे, दहा तीन गुणांचे आणि दहा पाच गुणांचे. उत्तर नेहमी ०० ते ९९ मधला पूर्णांक असतो आणि ओएमआर उत्तरपत्रिकेवर त्याचे दोन अंक रंगवायचे असतात. चुकीला गुण कापले जात नाहीत. इथून निवडलेली मुलं आरएमओ या पुढच्या, प्रादेशिक पायरीला बसतात आणि तिथे सहा गणितं सिद्धतेसह लिहावी लागतात.

अडचण

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी तिला एक जुना पेपर सोडवायला दिला. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर जुने पेपर मिळतात, त्यातलाच एक. तीन तासांचा पेपर तिने एक तास चाळीस मिनिटांत संपवला आणि उठली. ३० पैकी २४ प्रश्नांची उत्तरं लिहिली होती, त्यांतली चार बरोबर. गुण ११.

गुण कमी आले याची मला काळजी नव्हती. नववीत जाणाऱ्या मुलीला पहिल्या पेपरात ११ पडणं काही वावगं नाही. खटकलं ते तिचं कच्चं काम. बहुतेक प्रश्नांसमोर दोन ओळी होत्या: एक सूत्र, त्यात घातलेल्या किमती आणि थेट उत्तर. कुठे खाडाखोड नाही, एखादा प्रयत्न करून सोडून दिल्याची खूण नाही.

मी तिला एक प्रश्न पुन्हा समोर बसून सोडवायला सांगितला. हा माझा नेहमीचा तपासणीचा प्रश्न आहे: १ ते १०० मधल्या किती संख्या दोन पूर्णांकांच्या वर्गांचा फरक म्हणून लिहिता येतात?

तिने लगेच a² − b² = (a − b)(a + b) लिहिलं. पेन थांबलं. मग (a − b) ला x मानलं, (a + b) ला y मानलं. पेन पुन्हा थांबलं. तीन-चार मिनिटांनी म्हणाली, "बाई, पर्याय काय आहेत?"

ते ऐकलं आणि मला अडचण नेमकी कुठे आहे ते कळलं. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्नांना ९० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. समोर चार पर्याय असतात. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असत, त्यामुळे हुशार मुलं चारही पर्याय तपासायला शिकत. मृण्मयी यात तरबेज होती. ती प्रश्न पुढून सोडवतच नव्हती. पर्याय एकेक करून प्रश्नात घालायची आणि कोणता बसतो ते पाहायची. त्या परीक्षेसाठी ही चांगली पद्धत आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण पर्याय काढून घेतले की तिच्याकडे गणित सुरू करायलाच काही उरत नव्हतं.

दुसरी गोष्ट महिनाभराने कळली. तिच्या वहीत मागच्या पानांवर 'ट्रिक्स' लिहिलेल्या होत्या. त्यातली एक घातांच्या शेवटच्या अंकाची: घाताला ४ ने भागा, बाकी पाहा, त्यावरून शेवटचा अंक सांगा. ट्रिक बरोबर आहे, कारण कोणत्याही संख्येच्या घातांचे शेवटचे अंक जास्तीत जास्त चारच्या चक्रात फिरतात. मी तिला ७ च्या १०० व्या घाताचे शेवटचे दोन अंक विचारले. तिने चारचंच चक्र लावलं: ०७, ४९, ४३, ०१. उत्तर ०१. बरोबर. मग ३ च्या ५० व्या घाताचे शेवटचे दोन अंक विचारले. ५० ला ४ ने भागून बाकी २, म्हणून ३ चा वर्ग, उत्तर ०९.

इथे ट्रिक मोडते. ३ च्या घातांचे शेवटचे दोन अंक चारनंतर नाही, वीसनंतर फिरून येतात. ३ चा १० वा घात ५९०४९, म्हणजे शेवटी ४९. ४९ चा वर्ग २४०१, म्हणजे ३ च्या २० व्या घाताच्या शेवटी ०१. ४० व्या घातालाही ०१. म्हणून ५० व्या घाताला पुन्हा ४९. सातच्या बाबतीत दोन अंकांचं चक्रही चारचंच निघतं हा निव्वळ योगायोग, आणि त्या योगायोगाने तिचा ट्रिकवरचा विश्वास पक्का केला होता. ती ट्रिक कशामुळे चालते हे ठाऊक नसल्यामुळे ती कुठे चालणार नाही हे ओळखायला तिच्याकडे काहीच साधन नव्हतं.

समोर असलेले पर्याय

एप्रिलच्या मध्यावर मी आई-वडिलांना बोलावलं. वडील रात्रपाळी करून तसेच आले होते. आमच्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली, मोठ्या क्लासची फाउंडेशन बॅच. तिथे नववीतच अकरावीचं बीजगणित आणि भूमिती सुरू होते, दर आठवड्याला चाचणी असते. फायदा असा की विषय लवकर पुढे जातो. तोटा मला दिसत होता तो वेगळाच: तिची पर्याय तपासण्याची सवय तिथे आणखी घट्ट झाली असती, कारण त्या चाचण्याही मुख्यतः पर्यायांच्याच असतात. फीही या घराला जड होती. वडील म्हणाले, "कर्ज काढू हवं तर." मी त्यांना थांबवलं. पैशांचं कारण नसतं तरी मी नाहीच म्हटलं असतं.

दुसरी वाट, यंदा परीक्षेचं नावच काढायचं नाही. नववीत पाया घालायचा आणि दहावीनंतर अकरावीत बसायचं. हा विचार चुकीचा नव्हता. आयओक्यूएमचा अभ्यासक्रम बीजगणित, संख्या सिद्धांत, भूमिती आणि मोजणीचं गणित असा चार भागांत असतो, त्यात कॅलक्युलस नाही. पण राज्य मंडळाच्या नववीत समरूपतेची नुसती तोंडओळख असते, चक्रीय चौकोन नाही. ते नीट दहावीत येतं. भागाकारातल्या बाकीचा पद्धतशीर वापर तर शाळेच्या पुस्तकात येतच नाही. अकरावीत ही मुलगी जास्त तयार असती.

तिसरी वाट मी सुचवली. परीक्षेला बसायचं, पण चारही भागांची तयारी करायची नाही. संख्या सिद्धांत आणि मोजणी हे दोनच भाग धरायचे, कारण त्यांना आधीचं ज्ञान फार लागत नाही, विचार लागतो. बीजगणित शाळेपुरतं. भूमिती जवळजवळ सोडायची. आठवड्याला फक्त पाच गणितं, पण प्रत्येक गणित शेवटपर्यंत न्यायचं.

"पाचच?" आई म्हणाली. "शिष्यवृत्तीला ती रोज पन्नास करायची."

मी म्हटलं, "ताई, पन्नास करायची म्हणूनच आता पाच."

तिसरी वाट ठरली. भूमिती सोडण्याचा निर्णय माझा होता. त्याबद्दल पुढे लिहिते.

काय केलं, आणि काय फसलं

पहिला नियम मी असा घातला: उत्तर बघायच्या आधी गणितावर किमान ४० मिनिटं बसायचं. मला वाटलं होतं, वेळ दिला की विचार आपोआप होईल.

तसं झालं नाही. दोन आठवडे ती घड्याळ लावून ४० मिनिटं बसली आणि एकेचाळिसाव्या मिनिटाला उत्तर उघडलं. आई सांगायची, "बसते हो ती, हलत नाही." वहीत मात्र तेच: एक सूत्र, आणि खाली माझ्या उत्तराची स्वच्छ अक्षरात उतरवलेली नक्कल. अडकल्यावर करायचं काय, हे मी तिला शिकवलंच नव्हतं. नुसतं बसायला सांगितलं होतं. ही माझी चूक, आणि त्यात एप्रिलचे दोन आठवडे गेले.

मे महिन्यात ते लोक संगमेश्वराकडे गावी गेले, तीन आठवडे. तिथे घरात मोबाइलला रेंज नाही. आईने विचारलं, "काही पाठवू का सोबत?" मी एका कागदावर सहा गणितं लिहून दिली. उत्तरं दिली नाहीत. खरं सांगायचं तर ती मी तयारच केली नव्हती, गडबडीत होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती परत आली तेव्हा वही बदललेली होती. वर्गांच्या फरकाचं गणित त्या सहांत होतं. तिथे तिने पहिल्यांदाच सूत्र बाजूला ठेवून नुसत्या संख्या लिहिल्या होत्या, शाळेच्या वहीच्या पाठीमागे, पेन्सिलने:

३ = ४ − १
५ = ९ − ४
७ = १६ − ९
८ = ९ − १
९ = २५ − १६
११ = ३६ − २५
१२ = १६ − ४

समोर फुल्या: १, २, ४, ६, १०. त्याखाली आणखी एक यादी, २० पर्यंत नेलेली. १४ आणि १८ लाही फुली. मग तिचं वाक्य: "२, ६, १०, १४, १८ जमत नाहीत. चार-चारने वाढतात. १ आणि ४ पण जमत नाहीत पण ते वेगळे आहेत." आणि उत्तर ७३.

मी तिला विचारलं, "१ का जमत नाही?"

"१ वजा काय करणार? शून्य?" तिने मान वर केली. "शून्य पूर्णांक आहे." मग स्वतःच ७३ खोडून ७५ केलं.

गावात तिच्याकडे उघडायला उत्तरच नव्हतं, म्हणून तिला दुसरं काहीतरी करावं लागलं, आणि ते दुसरं काहीतरी म्हणजेच ऑलिंपियाडचं पहिलं कौशल्य: लहान उदाहरणं करून पाहणं. हे मी योजलेलं नव्हतं. पण त्यावरून पुढचे तीन महिने ठरले.

जूनपासून मी ४० मिनिटांचा नियम काढला. त्याऐवजी प्रत्येक गणितासोबत एक पाकीट द्यायला लागले. त्यात तीन घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, क्रमांक घातलेल्या. पहिली उघडायच्या आधी वहीत लहान उदाहरणं दिसली पाहिजेत. दुसरी उघडायच्या आधी "मी इथे अडकले" असं एक वाक्य लिहायचं आणि कशामुळे ते सांगायचं. तिसरीच्या आधी एक तरी फसलेला प्रयत्न, न खोडता. वर्गांच्या फरकाच्या गणिताला चिठ्ठ्या अशा असत्या: पहिली, "१ ते १२ साठी करून पाहा, शून्य विसरू नका." दुसरी, "a − b आणि a + b यांच्यात नेमका किती फरक आहे?" तिसरी, "म्हणजे त्यांतला एक सम, एक विषम असं होऊ शकेल का?"

चिठ्ठी लिहिणं हे गणित सोडवण्यापेक्षा वेळखाऊ काम आहे. पहिली चिठ्ठी जास्त सांगून गेली तर गणित मेलं. कमी सांगितलं तर मूल सरळ तिसरीवर जातं. सुरुवातीला माझ्या निम्म्या चिठ्ठ्या चुकल्या. वहीत पहिली चिठ्ठी उघडल्यानंतर लगेच पूर्ण उत्तर दिसलं की समजायचं, चिठ्ठीने फार बोलून टाकलं.

नमुना दिसला, पण सिद्धता?

दुसरा महत्त्वाचा निर्णय जूनअखेरीस घ्यावा लागला. आयओक्यूएमला उत्तर फक्त दोन अंकांत लिहायचं असतं. यादी करून नमुना सापडला, ७५ आला, रंगवलं, गुण मिळाले. मग सिद्धतेवर वेळ का घालवायचा? तिच्याबरोबरचा एक मुलगा हेच म्हणायचा, आणि परीक्षेच्या हिशेबाने त्याचं बरोबर होतं.

मी तरी सिद्धता मागायची ठरवली, पाचांपैकी दोन गणितांना. कारण ३ च्या ५० व्या घाताचा अनुभव ताजा होता. नमुना दिसणं आणि नमुना टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन उदाहरणांत बसलेली ट्रिक तिसऱ्यात तिला फसवत होती.

वर्गांच्या फरकाच्या गणितात तिची पहिली सिद्धता अशी होती: a + b आणि a − b यांच्यात 2b इतका फरक, म्हणजे सम फरक. म्हणून ते दोन्ही सम असतात किंवा दोन्ही विषम. दोन्ही विषम तर गुणाकार विषम. दोन्ही सम तर गुणाकार ४ ने भागला जातो. म्हणून ४ ने भागून २ उरणाऱ्या संख्या जमत नाहीत. खाली रेघ. "झालं."

झालं नव्हतं. तिने एवढंच दाखवलं होतं की २, ६, १० जमणार नाहीत. बाकी सगळ्या जमतात, हे कुठे दाखवलं? ९५ जमते हे कशावरून? ९६?

ही उलटी बाजू मुलं हमखास विसरतात. माझ्याकडच्या सगळ्याच मुलांचं इथे अडतं, मृण्मयीचंही अडलं. तिला वाटत होतं मी उगाच छळते आहे. "बाई, यादीत सगळ्या आल्या की." मी म्हटलं, "यादी २० पर्यंत आहे. प्रश्न १०० पर्यंत आहे." ती दोन दिवस रुसून होती. तिसऱ्या दिवशी तिने यादीत रांग शोधली: ३ = ४ − १, ५ = ९ − ४, ७ = १६ − ९. शेजारशेजारचे वर्ग. म्हणजे (k + 1)² − k² = 2k + 1, त्यातून सगळ्या विषम संख्या आल्या. आणि ८ = ९ − १, १२ = १६ − ४, मध्ये एक वर्ग सोडून: (k + 1)² − (k − 1)² = 4k, त्यातून ४ च्या सगळ्या पटी. ५० आणि २५, मिळून ७५. या वेळी तिने "झालं" लिहिलं नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "हो, आता झालं."

त्याच सुमारास मी तिच्या ट्रिक्सची पानं फाडायला सांगणार होते. नाही सांगितलं. त्याऐवजी प्रत्येक ट्रिकखाली दोन ओळी लिहायला सांगितल्या: ही का चालते, आणि कुठे चालत नाही. अकरा ट्रिक्स होत्या, सातच पूर्ण झाल्या. शेवटच्या अंकाच्या ट्रिकखाली तिने लिहिलं, "एका अंकाला चालते. दोन अंक विचारले तर १०० ने भागून बाकी बघायची आणि ०१ कधी येतं ते शोधायचं."

पेपराचा सराव

ऑगस्टमध्ये चार जुने पेपर, दर रविवारी सकाळी तीन तास. पहिल्यात १९, दुसऱ्यात २७, तिसऱ्यात २४, चौथ्यात २९.

इथे उलटाच प्रश्न उभा राहिला. जी मुलगी एक तास चाळीस मिनिटांत उठत होती ती आता एकाच गणिताला चिकटून बसू लागली. तिसऱ्या पेपरात एका पाच गुणांच्या मोजणीच्या गणितावर तिने ४५ मिनिटं घालवली, ते सुटलंही, पण दोन आणि तीन गुणांचे सहा प्रश्न वाचायचेच राहिले. ३० प्रश्नांना १८० मिनिटं म्हणजे सरासरी सहा मिनिटं. घरच्या गणिताचं धोरण आणि पेपरातलं धोरण वेगळं ठेवावं लागतं, आणि हे मी तिला जुलैतच सांगायला हवं होतं.

आम्ही असं ठरवलं: पहिल्या २० मिनिटांत ३० ही प्रश्न वाचायचे आणि समोर टिंब, रेघ किंवा काहीच नाही अशी खूण करायची. टिंब म्हणजे सुरुवात कशी करायची ते दिसतंय. आधी सगळी टिंबं. एखाद्या गणितावर १२ मिनिटांत लहान उदाहरणांपलीकडे काही हाती लागलं नाही तर पुढे. शेवटची १५ मिनिटं ओएमआरसाठी राखीव, कारण उत्तर एक अंकी आलं तर आधी शून्य रंगवायचं असतं आणि घाईत तेच विसरतं. गुण कापले जात नसल्यामुळे काहीतरी रंगवून यायला हरकत नाही, पण शंभरांतून एक उत्तर अंदाजाने लागण्याची आशा धरून त्यावर वेळ घालवायचा नाही, हेही सांगितलं. चार पर्यायांची सवय असलेल्या मुलांना हा फरक स्पष्ट करून सांगावा लागतो.

तिच्या शाळेत केंद्र नव्हतं. नोंदणी नवी मुंबईतल्या एका केंद्रातून झाली. परीक्षेच्या रविवारी पाऊस होता आणि ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक, म्हणून वडिलांनी दुचाकीवरून नेलं. ती भिजून पोहोचली, पण वेळेत.

निकाल

उत्तरं जाहीर झाल्यावर तिने आपल्या प्रश्नपत्रिकेवरून गुण मोजले: ३१. निवड यादीत तिचं नाव आलं नाही.

प्रश्नपत्रिका आम्ही एकत्र पाहिली. संख्या सिद्धांत आणि मोजणीतले तिने हात घातलेले बहुतेक प्रश्न बरोबर होते. दोन ठिकाणी वाचण्यात चूक: एकात 'धन पूर्णांक' म्हटलं होतं आणि तिने शून्य धरला. वर्गांच्या फरकात शून्य विसरली होती, इथे नको तिथे घेतला. भूमितीचे प्रश्न तिने वाचलेच नव्हते, टिंबही नव्हतं, रेघही नव्हती. त्यातले दोन समरूप त्रिकोणांवरचे होते. त्रिकोण ओळखले असते तर पाच-सात ओळींत सुटणारे.

वडिलांनी एकच विचारलं, "क्लासला घातलं असतं तर आली असती का?" मी म्हटलं, कदाचित भूमितीचे दोन प्रश्न आले असते. त्यांना खोटा दिलासा द्यायचा नव्हता.

पुन्हा करायचं झालं तर

भूमिती पूर्ण सोडणं ही माझी चूक होती. चारही भाग थोडे थोडे करण्यापेक्षा दोन भाग खोलवर करणं बरं, हे मला अजूनही पटतं. पण समरूपता आणि चक्रीय चौकोन एवढे दोन तुकडे जून-जुलैत सहा तासांत शिकवता आले असते. दहावीच्या पुस्तकातली ती दोन प्रकरणं ही मुलगी सहज वाचू शकली असती. मी दोन भागांचा हट्ट धरला आणि परवडणारी गोष्टही बाहेर ठेवली.

दुसरं, उत्तरं न देता गणितं देण्याचा काळ मी अपघाताने मे महिन्यात दिला. आज मी तो मुद्दाम सुरुवातीला ठेवते. नवीन मूल आलं की पहिले तीन आठवडे सहाच गणितं, उत्तर नाही, चिठ्ठी नाही. वहीत काय दिसतं ते पाहून मग चिठ्ठ्या लिहायच्या. ज्याच्या वहीत याद्या दिसतात त्याला पहिली चिठ्ठी लागतच नाही. ज्याच्या वहीत तीन आठवड्यांनीही फक्त सूत्रं दिसतात त्याला समोर बसवून एक गणित लहान करून दाखवावं लागतं. मृण्मयीला मी तेही केलं नव्हतं.

तिसरं, एप्रिलचा पहिला पेपर. तो मी पूर्ण तीन तासांचा दिला आणि तिला ११ गुण घरी न्यावे लागले. तपासायचं होतं तिचं कच्चं काम, गुण नव्हे. त्यासाठी चार गणितं आणि एक तास पुरला असता.

सिद्धतेवर घालवलेल्या वेळाबद्दल माझं मन अजून पक्कं नाही. हिशेब केला तर जूनअखेर ते जुलै या काळात त्यात दहा-बारा तास गेले, आणि त्यातला एकही गुण पेपरात थेट दिसला नाही.

त्यानंतर

ऑक्टोबरमध्ये सहामाही परीक्षा झाल्यावर ती एका संध्याकाळी आली. कुणी सांगितलेलं नसताना तिने स्वतःला एक प्रश्न घातला होता: दोन वर्गांचा फरक झाला, आता तीन वर्गांची बेरीज. कोणत्या संख्या जमत नाहीत? शून्य घेतलेलं चालतं, हे वर अधोरेखित केलं होतं. यादी ४० पर्यंत होती. न जमणाऱ्या: ७, १५, २३, २८, ३१, ३९.

७, १५, २३, ३१, ३९ यांचं कारण तिने लिहिलं होतं. कोणत्याही वर्गाला ८ ने भागलं की बाकी ०, १ किंवा ४ उरते. त्यांतल्या तीन घेऊन ७ कधीच होत नाहीत. तिने सगळ्या जोड्या मांडून दाखवल्या होत्या. २८ भोवती मात्र लाल गोल होता. "याची बाकी ४ येते," ती म्हणाली. "४ तर होतात, ४ अधिक ० अधिक ०. मग हा का जमत नाही?"

मला उत्तर माहीत होतं. मी चिठ्ठी लिहायला कागद घेतला. ती म्हणाली, "नको बाई, राहू दे," आणि वही घेऊन गेली.

दोन दिवसांनी आईच्या फोनवरून एका पानाचा फोटो आला. पेन्सिलीचं अक्षर, दोन ठिकाणी काट मारलेली. खाली लिहिलं होतं: "बेरीज ४ ने भागली जात असेल तर तिन्ही वर्ग समच पाहिजेत, कारण विषम वर्गाला ४ ने भागून १ उरतो आणि एक, दोन किंवा तीन १ मिळून ४ होत नाहीत. तिन्ही सम असतील तर प्रत्येक निम्मा करता येतो. मग २८ चे ७ होतात. आणि ७ जमत नाही. म्हणून ११२ पण नाही जमणार."